केसांत अडकलेली पेन्सिल

एक पेन्सिल घ्या. साधी, शाळेतली, शिसाची. समोर बसलेल्या माणसाच्या केसांत ती सरकवा आणि त्याला सांगा, मान हलव. पेन्सिल घरंगळून खाली पडली तर या माणसाला आशा आहे. चांगली वस्ती, चांगली शाळा, चांगली नोकरी. पेन्सिल केसांत अडकून राहिली तर त्याचं राहतं घर जाईल, पोराचं नाव शाळेच्या पटावरून जाईल, ज्या बाईवर जीव आहे तिच्याशी लग्न करणं गुन्हा होईल.

हा जत्रेतला खेळ नव्हे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, हृदय बदलण्याची जगातली पहिली शस्त्रक्रिया ज्या देशात १९६७ साली झाली त्या दक्षिण आफ्रिकेत, सरकारी कचेरीत बसून, सरकारी पगार खाणारी माणसं हा खेळ खेळत होती. कायद्याच्या पुस्तकात पेन्सिलीचं नाव कुठेच नव्हतं. कायद्यानं फक्त सांगितलं होतं की प्रत्येक माणसाचा वंश ठरवा. कसा ठरवायचा ते धड सांगितलं नव्हतं. मग कारकुनाच्या हाताशी जे होतं ते त्यानं वापरलं. कारकुनाच्या हाताशी पेन्सिल होती.

दोस्तांनो, ऐकून हसू येतं. येऊ द्या. पण हसून मोकळं व्हायचं नाही. हा वेडेपणा दिसतो तेवढा वेडा नव्हता, हेच आज तुमच्यापुढं मांडायचं आहे.

१९४८ साली तिथं नॅशनल पार्टी निवडून आली. १९४९ ला गोऱ्या-बिगरगोऱ्यांच्या लग्नावर बंदी आली. १९५० ला कुणी कुठल्या वस्तीत राहायचं याचा कायदा आला. पुढं बाकडी वेगळी, बसगाड्या वेगळ्या, समुद्राचा किनारासुद्धा वेगळा. आता अडचण बघा. किनाऱ्यावर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी पाटी लावणं सोपं आहे. पण पाटीखालून आत जाणारा गोरा आहे हे कोण सांगणार? सगळा डोलारा या एका प्रश्नावर उभा होता. म्हणून १९५० सालीच लोकसंख्या नोंदणी कायदा केला गेला. देशातल्या प्रत्येक जिवंत माणसाच्या नावापुढं एक शब्द लिहायचा: गोरा, नेटिव्ह किंवा कलर्ड. १९५१ च्या शिरगणतीचे तक्ते पायाला घेतले आणि रजिस्टर भरायला सुरुवात झाली.

आता या कायद्यात व्याख्या काय होती ती नीट ऐका. गोरा म्हणजे जो दिसायला उघडउघड गोरा आहे, किंवा ज्याला लोक सर्वसाधारणपणे गोरा मानतात तो. मात्र दिसायला गोरा असून लोक ज्याला कलर्ड मानतात तो गोरा नव्हे. नेटिव्ह म्हणजे जो आफ्रिकेतल्या मूळ जमातीचा आहे किंवा तसा मानला जातो तो. आणि कलर्ड? जो गोराही नाही आणि नेटिव्हही नाही तो कलर्ड. संपली व्याख्या. म्हणजे आंबा कुठला, तर ज्याला लोक आंबा म्हणतात तो, आणि जो आंबाही नाही, फणसही नाही, तो उरलेला!

कायदा लिहिणारे मूर्ख होते का? अजिबात नाही. वकील होते, प्रोफेसर होते. बापजाद्यांच्या रक्तावरून वंश ठरवा असं ते सहज लिहू शकले असते. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यानं १९२४ साली तसं लिहिलंच होतं. यांनी लिहिलं नाही, कारण यांना स्वतःचं घर माहीत होतं. डच कंपनी १६५२ मध्ये केपला उतरली तेव्हा तिनं मादागास्करहून, इंडोनेशियातून आणि आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरूनही गुलाम नेले. त्यात एक बाई होती, कागदोपत्री नाव 'बंगालची अँजेला'. गुलामीतून सुटली आणि १६६९ साली तिनं एका गोऱ्या वसाहतवाल्याशी लग्न केलं. आज कित्येक आफ्रिकानर घराण्यांच्या वंशावळीत ही बंगाली बाई बसलेली आहे. हेसे नावाच्या त्यांच्याच एका इतिहासकारानं जुन्या नोंदी धुंडाळून १९७१ मध्ये हिशेब मांडला की आफ्रिकानरांच्या वंशात सुमारे सात टक्के वाटा युरोपबाहेरचा आहे. २०२० मध्ये आफ्रिकानरांची जनुकं तपासली तेव्हा आकडा सरासरी पाच टक्क्यांच्या जवळ आला. रक्ताची अट घातली असती तर त्या पार्लमेंटातल्या किती खुर्च्या रिकाम्या कराव्या लागल्या असत्या?

म्हणून रक्त बाजूला ठेवलं आणि नजर कायद्यात घेतली. कुणाची नजर? शेजाऱ्याची, मालकाची, पाद्र्याची, कारकुनाची. लोक मानतात तो गोरा. ही अट एकदा लिहिली की चुगलखोराला सरकारी हुद्दा मिळतो. कुठलाही तिऱ्हाईत माणूस प्रतिज्ञापत्र करून आणि अनामत रक्कम भरून दुसऱ्याच्या वंशाविरुद्ध हरकत घेऊ शकत होता. भाड्याचं भांडण आहे, कुंपणाचं भांडण आहे, पोरीचं लग्न जमत नाही, घ्या हरकत. मग प्रकरण वर्गीकरण मंडळाकडं जाई. तिथं माणूस उभा राही आणि बाकीचे त्याच्याकडं बघत. केस, नखं, डोळ्यांच्या पापण्या. केसांचा पोत सांगायला न्हाव्याची साक्ष निघे. अधिकाऱ्यांचे आपले आपले ठोकताळेही असत. फुटबॉल खेळतो तो नेटिव्ह, रग्बी खेळतो तो कलर्ड. उंच पलंगावर झोपतो तो कलर्ड, बुटक्या पलंगावर झोपतो तो नेटिव्ह. म्हणजे माणसाचा वंश त्याच्या खाटेच्या पायाशी बांधलेला! सुताराला दोन रुपये जास्त दिले की वंश बदलतो.

या मोजमापात एकाच आईच्या पोटची भावंडं दोन वंशांत गेली. एकाचे केस आजीवर गेलेले, एकाचे आजोबावर. एक भाऊ शहरात, दुसरा शहराबाहेर. कायद्याच्या नजरेला हे चुकीचं वाटलं नाही, कारण त्याला भाऊ दिसतच नव्हते, केस दिसत होते.

कायद्याला भोकं पडायला लागली तशी ठिगळं लावणं सुरू झालं. १९६२ साली डरबनमधला एक चिनी माणूस मंडळापुढं गेला. म्हणाला, मी गोऱ्यांत उठतो-बसतो, माझे गोरे दोस्त मला आपला मानतात, त्यांच्या सह्या या घ्या. मंडळानं कायद्याचं पुस्तक उघडलं. तिथं लिहिलं होतं, लोक मानतात तो गोरा. झालं, चिनी माणूस गोरा झाला. गोऱ्या देशात बोंबाबोंब झाली. त्याच वर्षी सरकारनं व्याख्या बदलली. आता नुसतं मानलं जाणं पुरेना, दिसणंही तपासायचं. आणि दिसणं म्हणजे काय, तर त्यात माणसाच्या सवयी, शिक्षण, बोलणं, चालणं-वागणं हेही धरायचं. बघा हं, बोलणं हे दिसण्यात! याच सुमारास जपानी व्यापारी मात्र 'मानद गोरे' झाले होते, कारण जपान दक्षिण आफ्रिकेचं लोखंड विकत घेणार होता. चिन्याला हॉटेलाबाहेर काढा, जपान्याला आत घ्या. या दोघांत फरक करताना हॉटेलच्या दरवानाची काय तारांबळ उडत असेल, विचार करा.

आता हे सगळं एका पोरीच्या अंगावर कसं कोसळलं ते सांगतो. तिचं नाव सँड्रा लेंग. पुढं तिच्यावर पुस्तक निघालं, सिनेमा निघाला, तिनं स्वतः जगाला आपली कहाणी सांगितली, म्हणून नाव घेतो.

१९५५ साली ट्रान्सवालमधल्या पीट रेटीफ या आडगावच्या टापूत ती जन्मली. आईबाप आफ्रिकानर, दुकानदार, नॅशनल पार्टीचे पक्के मतदार. आजे-पणजे गोरे. जन्माच्या दाखल्यावर पोरगी गोरी. पण पोरगी वाढू लागली तशी तिची कातडी तपकिरी दिसू लागली आणि केस दाट कुरळे. गोऱ्यांच्या वसतिगृहाच्या शाळेत तिला घातलं. पोरांनी छळलं. पोरांच्या आईबापांनी तक्रारी केल्या. १९६६ मध्ये, दहा वर्षांची असताना, तिला शाळेतून काढलं आणि पोलिसांनी तिला घरी आणून सोडलं. दहा वर्षांच्या पोरीला पोलीस! सरकारनं तिच्या नावापुढचा शब्द खोडला आणि कलर्ड लिहिलं. घरात बाप गोरा, आई गोरी, भाऊ गोरे. एकटी ती कलर्ड. काटेकोर कायद्यानं ही पोर आपल्याच घरात राहायची ती फक्त मोलकरीण म्हणून राहू शकत होती.

गावानं काय केलं? जे गाव नेहमी करतं तेच. आईच्या चारित्र्याकडं बोट दाखवलं. बापानं रक्ततपासणी करून घेतली. त्या काळी तपासणी रक्तगटाची. तिच्यानं एवढंच सांगता येतं की हा बाप असूच शकत नाही किंवा असू शकतो. निकाल आला, असू शकतो. गावाला तेवढं पुरलं नाही.

खरं कारण सरळ आहे. कातडीचा रंग एका जनुकावर ठरत नाही, अनेक जनुकांवर ठरतो, प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. बापाकडं काही लपलेली, आईकडं काही लपलेली. दोघांच्या अंगावर ती उमटत नाहीत. एखाद्या पोरात ती एकत्र आली की तीनशे वर्षांपूर्वीची कुणी आजी तिच्या चेहऱ्यावर उगवते. गोऱ्या घराण्यांनी जी बाई वंशावळीच्या तळघरात कोंडली होती ती दहा वर्षांच्या पोरीचं रूप घेऊन शाळेत पहिल्या बाकावर येऊन बसली. शाळेनं पोलीस बोलावले ते या आजीसाठी.

बाप कोर्टकचेऱ्या करत राहिला. वर्तमानपत्रांत फोटो आले, जगभर बोभाटा झाला. १९६७ मध्ये सरकारनं पुन्हा कायदा बदलला: ज्याचे आईबाप दोघेही गोरे म्हणून नोंदलेले आहेत त्याला गोरा धरावं. ज्या रक्ताच्या अटीला १९५० साली ते घाबरले होते ती शेवटी आली, पण कशी? रजिस्टरातल्या आईबापांपुरती. त्याच्या मागं कुणी जायचं नाही. तळघराला कुलूप.

सँड्रा पुन्हा गोरी झाली. कागदावर. गोऱ्या शाळांनी दार उघडलं नाही. गोऱ्या पोरी तिच्याशी खेळल्या नाहीत. ज्यांनी तिला माणूस म्हणून जवळ केलं ते काळे होते. पंधरा-सोळा वर्षांची असताना ती भाजी विकणाऱ्या एका काळ्या माणसाबरोबर घर सोडून स्वाझीलँडला पळाली. परवान्याविना सरहद्द ओलांडली म्हणून तुरुंगात बसली. बापानं दार कायमचं बंद केलं. ज्या बापानं पोरीला गोरी ठरवण्यासाठी सरकारशी झुंज घेतली त्याच बापानं पोरीनं काळा नवरा केला म्हणून तिला मेलेली मानलं. इथं थांबा आणि विचार करा. हा बाप पोरीसाठी लढत होता, की पोरीच्या नावापुढच्या शब्दासाठी?

पुढचा भाग ऐका. तिला पोरं झाली. पोरं काळी नोंदली गेली. आई कागदावर गोरी. गोरी बाई काळ्यांच्या वस्तीत राहू शकत नाही. पोरं हिरावली जाण्याची वेळ आली. मग या बाईनं उलटा अर्ज केला: मला कलर्ड करा. सही बापाची हवी होती, ती बापानं दिली नाही. कैक वर्षांनी तिचा अर्ज मान्य झाला. हिशेब करा. जन्मानं गोरी, १९६६ ला कलर्ड, १९६७ ला पुन्हा गोरी, पुढं पुन्हा कलर्ड. एकच कातडी, तेच केस, तीन वंश-बदल. बाप तिला न भेटता मेला. आईची भेट झाली ती २००० साली, आई म्हातारपणी वृद्धाश्रमात असताना. भाऊ भेटले नाहीत. कायदा तोवर मरून नऊ वर्षं झाली होती. भावांच्या डोक्यातला मेला नव्हता.

आता एकटीची गोष्ट सोडून सगळ्या देशाचं रजिस्टर बघू. दरवर्षी किती जणांचा वंश सरकारनं बदलला याचे आकडे तिथल्या पार्लमेंटात मांडले जात. १९८५ या एका वर्षातले घ्या. ७०२ कलर्ड गोरे झाले. १९ गोरे कलर्ड झाले. २४९ काळे कलर्ड झाले, २० कलर्ड काळे झाले. ५० हिंदी कलर्ड झाले, ४३ कलर्ड हिंदी झाले. काही मलाय हिंदी झाले, काही हिंदी मलाय झाले. एक हिंदी गोरा झाला. एक काळा ग्रिक्वा झाला. सगळे मिळून हजारावर माणसं एका वर्षात कात टाकून नव्या वंशात गेली. आणि या यादीत दोन शून्यं आहेत. एकही काळा गोरा झाला नाही. एकही गोरा काळा झाला नाही.

दोस्तांनो, या दोन शून्यांकडं बघा. बाकीचे सगळे आकडे विनोद आहेत, ही दोन शून्यं विनोद नाहीत. मधल्या पायऱ्यांवर जेवढी हवी तेवढी ये-जा चालू द्यायची. वरची आणि खालची पायरी मात्र एकमेकींना कधी लागू द्यायची नाही. मधल्या पायरीवरच्या माणसाला सतत वाटत राहिलं पाहिजे की अजून एक अर्ज, अजून एक सही, आणि मी वर. असं वाटणारा माणूस खालच्या पायरीवरच्याशी हात मिळवत नाही. मधे पेन्सिल धरून उभा असलेला कारकून मूर्ख असेल, पण जिना बांधणारा मूर्ख नव्हता.

आणि वर जायची किंमत काय होती? गोरा होण्यासाठी सिद्ध काय करायचं, तर लोक मला गोरा मानतात. म्हणजे तुझ्या घरी कोण येतं, तू कुणाकडं जातोस, कुठल्या चर्चमध्ये बसतोस, सगळं तपासलं जाणार. तुझी आई कलर्ड असेल तर ती दारात दिसता कामा नये. सावळी बहीण लग्नाला येता कामा नये. रस्त्यात भाऊ भेटला तर ओळख दाखवायची नाही. ७०२ हा आकडा वाचताना त्याच्या मागं न भेटलेल्या आया मोजा, ओळख न दिलेले भाऊ मोजा. कायद्यानं माणसाला सरळ असं सांगितलं नाही की आईला सोड. त्यानं फक्त पुरावा मागितला. आईला माणसानं स्वतःच सोडलं.

हे तिकडचं झालं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो लाजिरवाणा आहे. अमेरिकेत १७९० च्या कायद्यापासून परक्या माणसाला नागरिक व्हायचं तर तो 'गोरा' असावा लागे. अमृतसरकडचा भगतसिंग थिंद नावाचा माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकन फौजेत शिपाई होता, तो नागरिकत्व मागत १९२३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टापुढं गेला. तीनच महिने आधी याच कोर्टानं ओझावा नावाच्या जपानी माणसाला सांगितलं होतं की तुझी कातडी कितीही उजळ असो, गोरा म्हणजे कॉकेशियन, तू तो नव्हेस. थिंदला वाटलं, आपलं काम झालं. शास्त्रज्ञ हिंदुस्थानी आर्यांना कॉकेशियनच म्हणतात! त्याच्या बाजूनं कोर्टात मांडलं गेलं की आम्ही उच्च जातीचे आर्य आहोत, आणि लग्नसंबंधाच्या बाबतीत आम्ही उच्च जातीचे लोक इथल्या मूळ रहिवाशांकडं त्याच नजरेनं बघतो ज्या नजरेनं अमेरिकन माणूस निग्रोकडं बघतो.

वाचलंत? आपण गोरे आहोत याचा पुरावा म्हणून काय पुढं केलं, तर आपणही कुणाला तरी शिवून घेत नाही. जातीचा दाखला गोरेपणाचा दाखला म्हणून वापरला. आणि कोर्टानं काय केलं? शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा, आणि सामान्य अमेरिकन तुला गोरा म्हणत नाही. तीन महिन्यांपूर्वी शास्त्र धरलं, आता शास्त्र सोडलं. दोन्ही वेळा दार बंद. पुढं १९३६ साली थिंदला वेगळ्या कायद्याखाली नागरिकत्व मिळालं, पण तो दुसरा विषय. आमचा मुद्दा एवढाच की हा माणूस दार मोडा म्हणत आला नव्हता. मला आत घ्या आणि माझ्या मागं दार लावा म्हणत आला होता.

आता बाबासाहेबांनी याच मोजमापाचं काय केलं ते बघा. इंग्रज अधिकारी रिस्ले, १९०१ च्या शिरगणतीचा प्रमुख, हिंदुस्थानी माणसांची नाकं मोजत फिरला. त्याचं म्हणणं, नाक जितकं रुंद तितकी जात खालची. नाकांचे हे तक्ते बाबासाहेबांनी घेतले आणि १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण' या ग्रंथात त्यांच्यावरच उलटवले. मोजमापं नीट वाचा, ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात. नाकात फरक नाही. मग फरक कुठं आहे? बघणाऱ्याच्या नजरेत, आणि त्या नजरेला बळ देणाऱ्या धर्मशास्त्रात. बाबासाहेब असं म्हणाले नाहीत की आमचं नाक तुमच्यासारखं आहे, आम्हाला वरच्या पायरीवर घ्या. ते म्हणाले, नाकावर जिना उभा राहत नाही, जिना पाडा. एकाच फूटपट्टीचे हे दोन उपयोग. थिंदच्या बाजूनं झालेला आणि बाबासाहेबांनी केलेला. तरुण वाचकानं या दोघांतला फरक रोज सकाळी स्वतःला विचारावा.

दक्षिण आफ्रिकेचा तो कायदा १९९१ साली रद्द झाला. गंमत म्हणजे जुनं रजिस्टर लगेच फाडलं नाही. नव्या जन्माच्या नोंदी वंशाविना होऊ लागल्या, जुने शिक्के नवी राज्यघटना येईपर्यंत तसेच राहिले. मरताना सुद्धा कायद्याची पेन्सिल हातातून सुटेना.

इथं एक शहाणा हमखास उभा राहतो. म्हणतो, बघा, वर्गवारी किती वाईट, म्हणून तुमच्या आरक्षणाचे रकानेही पुसून टाका. त्याला नीट उत्तर द्यायला शिका. कायदा गेल्यावर तिथंही नोकऱ्यांतला अन्याय मोजायला रकाने ठेवावे लागले. फक्त आता माणूस आपला रकाना आपण भरतो, केसांत कुणी काही खुपसत नाही. २००८ साली तिथल्या चिन्यांनी कोर्टात जाऊन निकाल मिळवला की जुन्या राज्यात आम्हालाही खाली ढकललं होतं, म्हणून नुकसानभरपाईच्या कायद्यांपुरते आम्हाला 'काळे' धरा. १९६२ साली गोरा व्हायला गेलेला एक चिनी, आणि २००८ साली काळ्यांच्या रांगेत आपण होऊन आलेले चिनी. रकाना तोच. एकात माणूस कोण आहे हे ठरवतात, दुसऱ्यात माणसाचं काय केलं गेलं हे मोजतात. जखम मोजणाऱ्या डॉक्टरला आणि जखम करणाऱ्या सुरीला एकच समजणारा शहाणा एकतर आंधळा असतो, नाहीतर सुरी त्याच्या खिशात असते.

आपल्याकडं पेन्सिल लागत नाही. भाड्याची खोली बघायला जा. घरमालक चहा विचारतो, गाव विचारतो, मग हळूच आडनाव विचारतो. आडनावातून कळलं नाही तर आहार विचारतो. तोही कळला नाही तर भिंतीवर कुणाचा फोटो लावणार ते विचारतो. मंडळ तेच आहे, फक्त त्याला अध्यक्ष नाही आणि त्याच्यावर अपील नाही. आणि आपल्यातले काही त्या मंडळापुढं पास व्हायला आडनाव बदलतात, फोटो पेटीत ठेवतात, वस्तीतल्या आईला सांगतात की सध्या येऊ नकोस, मीच येईन. त्यांना शिव्या द्यायच्या नाहीत. खोली सगळ्यांनाच हवी असते. पण ७०२ या आकड्याची आठवण त्यांना द्यायची. त्या आकड्यातल्या माणसांनी परीक्षा पास केली, आणि परीक्षा तशीच उभी राहिली.

पेन्सिल पडते की अडकते याकडं बघत बसू नका. ती धरणाऱ्या हाताकडं बघा.

जयभीम.